थर्ड ऑफिसर ते कॅप्टन: छत्तीस महिन्यांचा हिशेब

व्यापारी जहाजावर रात्री आठ ते बाराचा वॉच बहुधा थर्ड ऑफिसरचा असतो. कॅप्टन खाली केबिनमध्ये झोपलेला असू शकतो. दोनशे मीटर लांबीचं जहाज त्या चार तासांत विशीतल्या एका पोराच्या हाती असतं, सोबतीला नजर ठेवायला एक खलाशी. मग त्याच पोराला कॅप्टन व्हायला पुढे इतकी वर्षं का लागतात?

उत्तर एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारात आहे. तो १९७८ साली झाला आणि १९९५ व २०१० मध्ये मोठ्या प्रमाणात बदलला. आपल्याकडे त्यानुसार परीक्षा घेण्याचं काम नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीतल्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटकडे, म्हणजे बोलीभाषेत 'एमएमडी'कडे आहे. पायऱ्या तीन: सेकंड मेट, फर्स्ट मेट, मास्टर. या प्रमाणपत्रांना दर्यावर्दी 'तिकीट'च म्हणतात. सेकंड मेटचं तिकीट हाती आलं की माणूस थर्ड ऑफिसर म्हणून उभा राहतो. तिकिटाचं नाव आणि जहाजावरचा हुद्दा यांत असा फरक असतो, आणि बाहेरच्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

खरी मेख आहे ती सी-टाइममध्ये. जहाजावर साइन ऑन केल्यापासून साइन ऑफ करेपर्यंतचे दिवसच धरले जातात आणि त्यांची नोंद सीडीसी या पुस्तिकेत होते. घरी काढलेली सुट्टी धरली जात नाही. ३,००० ग्रॉस टन आणि त्याहून मोठ्या जहाजाचा मास्टर व्हायचं तर वॉचकीपिंग अधिकारी म्हणून किमान ३६ महिने हवेत. यातले किमान १२ महिने चीफ ऑफिसर म्हणून काढले असतील, तर एकूण २४ महिन्यांवर भागतं. हा करारातला किमान आकडा. एखाद्या देशाला याहून जास्त मागता येतं.

समजा, रत्नागिरीचा एक मुलगा सहा महिने जहाजावर आणि तीन महिने घरी अशा फेऱ्यांनी थर्ड, मग सेकंड ऑफिसर म्हणून काम करतो. ३६ महिन्यांसाठी सहा करार, मधल्या पाच सुट्ट्यांचे १५ महिने; झाले ५१, म्हणजे सव्वाचार वर्षं. २४ महिन्यांची वाट धरली तर चार करार आणि तीन सुट्ट्या मिळून ३३ महिने. कागदावर दीड वर्ष वाचलं. पण त्यासाठी मध्येच किनाऱ्यावर राहून फर्स्ट मेटचा कोर्स, लेखी आणि तोंडी परीक्षा पार कराव्या लागतात. शिवाय तिकीट मिळालं म्हणून कंपनी लगेच चीफ ऑफिसर करतेच असं नाही. माल, जहाजाचा तोल, डेकची डागडुजी हे सगळं चीफ ऑफिसरच्या गळ्यात असतं, त्यामुळे कंपनी आधी दोनेक करार खालच्याच हुद्द्यावर पारखून घेते. माझ्या मते हे बरंच आहे.

लेखी परीक्षेपेक्षा मुलं घाबरतात ती ओरल्सना. परीक्षक टेबलावर जहाजांची छोटी मॉडेल्स मांडतो आणि विचारतो, "दाट धुकं. रडारवर उजवीकडे तीस अंशांवर एक जहाज, आठ मैलांवर. दिशा बदलत नाही, अंतर कमी होतंय. काय कराल?" घोकून आलेला उमेदवार म्हणतो, "ते माझ्या उजवीकडे आहे, म्हणजे वाट मी द्यायची; त्यानं आहे तसं जायचं." इथेच तो फसतो. वाट कुणी द्यायची आणि कुणी आहे तसं जायचं, हे नियम जहाजं एकमेकांना डोळ्यांनी दिसत असतानाचे. धुक्यात नियम १९ लागू होतो. त्यात वाट मिळण्याचा हक्क कुणालाच नाही, दोघांनीही वेळीच हालचाल करायची. पुढच्या बाजूला जहाज असेल आणि आपण त्याला मागून ओलांडत नसू, तर शक्यतो डावीकडे वळायचं नाही. उजवीकडे वळायचं तेही ठसठशीत, कारण पाच-दहा अंशांचं वळण समोरच्याच्या रडारवर कळतच नाही. शिवाय सुरक्षित वेग, दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा, आणि कॅप्टनला फोन.

१९५६ साली नॅनटकेटजवळ धुक्यात 'आंद्रेआ दोरिया' आणि 'स्टॉकहोम' यांची टक्कर झाली. दोन्ही जहाजांनी एकमेकांना रडारवर आधीच पाहिलं होतं. एक डावीकडे वळलं, दुसरं उजवीकडे. 'स्टॉकहोम'च्या ब्रिजवर तेव्हा थर्ड ऑफिसर वॉचवर होता आणि कॅप्टन खाली होता.

म्हणून सेकंड मेटच्या उमेदवाराकडून कॅप्टनला कधी उठवायचं, हे ऐकायचं असतं. मास्टरच्या उमेदवाराला तोच प्रसंग उलटा घालतात. तुम्ही उठून वर आलात. जहाजाचा ताबा घेतल्याचं कसं सांगाल? रात्रीच्या आज्ञांच्या वहीत आधी काय लिहून ठेवायला हवं होतं? इंजिन रूमला काय कळवाल? इथे कलमं पाठ असून भागत नाही. जो धुक्यात खरोखर ब्रिजवर उभा राहिला आहे, त्याची उत्तरं आपोआप क्रमाने येतात, आणि परीक्षकाला हा फरक लगेच कळतो.

मास्टरचं तिकीटही कायमचं नसतं. दर पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी गेल्या पाच वर्षांत १२ महिने समुद्रावर काढलेले असावेत, नाहीतर अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत तीन. तेही नसेल, तर ठरलेला कोर्स किंवा परीक्षा असे मोजके पर्याय उरतात. म्हणून किनाऱ्यावरच्या ऑफिसात रमलेले काही कॅप्टन मुदत सरत आली की बॅग भरून एका छोट्या करारावर निघतात.