नाव बदललं, तरी ओळख उरते

माहितीपूर्ण संमती म्हणजे मुलाखतीला नुसता होकार नव्हे. कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय, सांगितलेलं कुठे जाणार आणि त्यातून आपल्याला काय त्रास होऊ शकतो, हे कळल्यावर, नाही म्हणण्याची मोकळीक असताना दिलेला होकार म्हणजे माहितीपूर्ण संमती. गोपनीयता हा याच होकाराचा दुसरा भाग आहे. संमती घेताना संशोधक जो शब्द देतो, तो नंतर टिपणं, ध्वनिमुद्रणं आणि अहवालात पाळायचा असतो. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये हा शब्द मोडतो तो बहुतेक वेळा घाईमुळे आणि नाव बदललं की ओळख लपली या समजुतीमुळे.

उदाहरणादाखल एक प्रकल्प घेऊ. समाजकार्य शिकणारी एक विद्यार्थिनी एका संस्थेत इंटर्नशिप करते आहे. विषय आहे मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं आरोग्य. या बायका नवऱ्यासोबत जोडीने, म्हणजे एक ‘कोयता’ म्हणून, मुकादमाकडून उचल घेतात आणि दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, खाडा झाला तर पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अशा ठिकाणी कोण काय बोललं हे बाहेर गेलं, तर बोलणारीचा पुढच्या हंगामाचा रोजगार जाऊ शकतो.

पहिली पायरी गावात जाण्याआधीची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017 मध्ये काढलेली नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याशी निगडित सामाजिक संशोधनालाही लागू होतात. त्यांच्यानुसार प्रश्नावली, माहितीपत्रक आणि संमतीचा मसुदा आधी नैतिकता समितीपुढे जातो. समितीची मंजुरी पहिल्या मुलाखतीआधी हवी. मागाहून घेतलेल्या मंजुरीला अर्थ नसतो. प्रकल्प आठ आठवड्यांचा असेल, तर अर्ज इंटर्नशिप सुरू होण्याआधीच गेलेला बरा.

टोळीपर्यंत पोहोचायचं तर मुकादमाची परवानगी लागतेच. पण ती फक्त कोपीपर्यंत जाण्याची परवानगी असते, बाईची संमती नसते. मुकादमाने हाक मारून चार जणींना समोर बसवलं, तर त्या चौघीही ‘हो’ म्हणतील, कारण त्याला नाही म्हणणं त्यांना परवडणारं नाही. म्हणून संमती प्रत्येकीकडून वेगळी, मुकादम आणि शक्यतो घरचे पुरुष जवळ नसताना घ्यावी लागते. पाणी भरायला जाताना किंवा स्वयंपाक उरकल्यावर अशी वेळ मिळते. नवरा ऐकत उभा असेल, तर आजाराचे प्रश्न बाजूला ठेवून कामाच्या तासांबद्दल बोलावं, बाकीचं पुढच्या खेपेला.

माहितीपत्रक छापील आणि नेमकं असलं, तरी सांगायचं ते तोंडी आणि ऐकणारीच्या भाषेत. साधारण असं: “ताई, मी कॉलेजात शिकते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या तब्येतीबद्दल लिहिते आहे. तासभर बोलू. तुमचं नाव, गाव, मुकादमाचं नाव कुठंच लिहिणार नाही. तरी ओळखीच्या माणसाला अंदाज येऊ शकतो, म्हणून नको वाटेल ते सांगू नका. यातून तुम्हाला पैसे किंवा योजना मिळणार नाही. मधेच थांबवलंत तरी चालेल. पंधरा तारखेपर्यंत सांगितलंत, तर तुमचं सगळं काढून टाकीन. त्यानंतर अहवालात गेलेलं काढता येणार नाही.”

या बोलण्यातली दोन वाक्यं नवखे संशोधक गाळतात. पहिलं, फायदा काही नाही हे. कागद-पेन घेऊन आलेली मुलगी म्हणजे सरकारी सर्व्हे असा समज पक्का असतो आणि योजनेच्या आशेने दिलेली संमती चुकीच्या माहितीवर उभी असते. दुसरं, माघार घेण्याची शेवटची तारीख. ‘केव्हाही माघार घ्या’ हे ऐकायला चांगलं वाटतं, पण छापलेल्या अहवालातून एकीचं बोलणं मागे घेता येत नाही.

समजलं का, असं विचारलं की सगळ्याच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी उलटं विचारावं: “मी हे कशासाठी लिहिते आहे, तुम्हाला काय वाटलं?” उत्तर “घरकुलासाठी” असं आलं, तर पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. संमती दिल्यानंतरही खुणा पाहाव्या लागतात. उत्तरं एका शब्दावर आली, नजर सारखी वाटेकडे गेली, कामाची घाई अचानक आठवली, तर तो नकारच समजून वही मिटावी.

लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत अंगठा आणि वाचता येणारा, प्रकल्पाशी संबंध नसलेला साक्षीदार अशी तरतूद आहे. पण उचल घेताना जिने कोऱ्या कागदावर अंगठा उठवला आहे, तिला आणखी एक अंगठा भीतीदायक वाटू शकतो. शिवाय सही किंवा अंगठ्याचा कागद हाच त्या मुलाखतीचा आणि खऱ्या नावाचा एकमेव दुवा ठरण्याची शक्यता असते. अशा वेळी कारण लिहून नैतिकता समितीकडून तोंडी संमतीची मुभा मागता येते. मग माहिती देणं आणि होकार नाव न घेता ध्वनिमुद्रित होतो, पुढच्या मुलाखतीला वेगळी फाइल सुरू होते. ध्वनिमुद्रणाची संमती मुलाखतीच्या संमतीपेक्षा वेगळी आणि फोटोची त्याहून वेगळी विचारावी. मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर पालकांची संमती आणि तिचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.

ओळख लपवण्याचं काम मुलाखत संपताच सुरू होतं. प्रत्येकीला एक संकेतांक, उदाहरणार्थ ‘क 07’, देतात. संकेतांक आणि खरं नाव जोडणारी यादी एकच असते. ती ध्वनिमुद्रणांपासून वेगळ्या जागी, पासवर्ड लावून ठेवतात. गडबड होते ती फोनमध्ये. फोन ध्वनिफिती आणि फोटो आपोआप क्लाउडवर चढवतो, फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश साठवतो आणि इंटर्न ती फाइल मार्गदर्शकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देते. फाइलचं नाव ‘मुकादमाची वहिनी’ असं असेल, तर संकेतांकाचा उपयोग शून्य. म्हणून आपोआप चढवणं आणि जागेची नोंद गावात जाण्याआधीच बंद करायची आणि फाइल त्याच संध्याकाळी फोनवरून काढून सुरक्षित जागी हलवायची.

सर्वांत अवघड भाग लिखाणाचा. समजा, एकीने सांगितलं: “तीन पोरी झाल्या. सत्ताविसाव्या वर्षी पिशवी काढली. गेल्या साली ट्रॅक्टर पलटी झाला त्यात पाय मोडला, तरी चुलत दीर मुकादम, त्यानं खाडा कापलाच.” यात नाव नाही. तरी त्या टोळीतला कोणीही तिला ओळखेल, कारण ट्रॅक्टर पलटल्यावर पाय मोडलेली बाई एकच होती. परक्या वाचकाला तिचा पत्ता लागणार नाही, पण परक्या वाचकाकडून तिला धोकाही नव्हता. धोका मुकादमाकडून आहे आणि त्याला सगळं आधीच माहीत आहे.

उपाय म्हणजे प्रत्येक तपशिलाला विचारायचं: निष्कर्षासाठी याची गरज आहे का? इथला निष्कर्ष असा की दुखापत झाली तरी खाडा कापला जातो. मग ट्रॅक्टरचा उल्लेख ‘कामावर अपघात’ होतो, मोडलेला पाय ‘दुखापत’ होते, चुलत दीर नुसता ‘मुकादम’ होतो. वय ‘तिशीच्या आत’ पुरतं. मुलींची संख्या या मुद्द्याला लागत नाही, ती जाते. शस्त्रक्रियेचं वाक्य वेगळ्या प्रकरणात, टोपणनावाशिवाय ‘एक कामगार’ म्हणून येतं. कारण अहवालभर ‘सखू’ नावाने सहा उतारे आले, तर वाचणारा ते जोडून पूर्ण चित्र तयार करतो. तपशील धूसर करता येतात, खोटे करता येत नाहीत; पाय मोडल्याच्या जागी सर्पदंश लिहिला, तर तो पुरावा राहत नाही. ओळख लपवण्यासाठी काय गाळलं, ते पद्धतीच्या प्रकरणात एका परिच्छेदात नोंदवतात.

केवळ नाव बदलण्याने काय होतं याचं जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावाचा अभ्यास 1958 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. गावाला ‘स्प्रिंगडेल’ हे टोपणनाव होतं, माणसांचीही नावं बदलली होती. पण गावात दुकानदार किती, पुढारी किती हे सगळ्यांना ठाऊक असल्याने कोण कोण आहे हे गावकऱ्यांनी सहज ओळखलं. 4 जुलैच्या मिरवणुकीत त्यांनी पुस्तकातली टोपणनावं मिरवली आणि शेणखत पसरण्याच्या गाडीवर लेखकाचा पुतळा बसवला.

गोपनीयतेला कायद्याचीही मर्यादा असते. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला भारतात जे संरक्षण आहे, ते संशोधकाला नाही. मुलाखतीत अठरा वर्षांखालच्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘काहीच कोणाला सांगणार नाही’ असा शब्द दिला असेल, तर तो मोडावाच लागतो. म्हणून हा अपवाद संमती घेतानाच सांगायचा. बोस्टन कॉलेजच्या प्रकल्पात 2001 पासून उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र गटांच्या सदस्यांनी मुलाखती दिल्या, त्या मृत्यूपर्यंत उघड होणार नाहीत या भरवशावर. 2011 मध्ये तिथल्या पोलिसांच्या मागणीवरून अमेरिकेत समन्स निघालं आणि न्यायालयीन झगड्यानंतर काही मुलाखती पोलिसांच्या हाती गेल्या.

इंटर्नशिप संपताना शेवटचं काम उरतं. ध्वनिमुद्रणं कोणाकडे राहणार, संस्थेकडे की महाविद्यालयाकडे, आणि ती केव्हा पुसणार, हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. त्याप्रमाणे विद्यार्थिनीच्या लॅपटॉप, फोन आणि पेनड्राइव्हवरच्या प्रती काढून टाकायच्या. तोंडी परीक्षेत परीक्षकाने मुलाखती खरंच झाल्या का असं विचारलं, तर ओळख काढलेली लिखित प्रत दाखवता येते, आवाज ऐकवता येत नाही. मार्गदर्शकाने पडताळणीसाठी काही ऐकायचं असेल, तर त्याचं नावही संमती घेताना सांगितलेलं असायला हवं. खऱ्या नावांची यादी माघारीची तारीख उलटल्यावर नष्ट करतात. त्यानंतर ‘क 07’ कोण, हे अहवाल लिहिणारीलाही कागदावरून सांगता येत नाही.