एका वॉल्व्हची तीन नावे

विहिरीवरच्या सेंट्रिफ्यूगल पंपासोबत येणारी माहितीपुस्तिका समजा समोर आहे. पान ४ वर लिहिलेय, ‘पंप सुरू करताना डिलिव्हरी वॉल्व्ह बंद ठेवा.’ पान ७ वर, ‘निर्गम झडप हळूहळू उघडावी.’ आणि शेवटी बिघाडांच्या तक्त्यात, ‘पाणी येत नसल्यास बाहेरचा कॉक तपासणे.’ तिन्ही नावे एकाच वस्तूची. लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते. पंप पहिल्यांदाच बसवणारा शेतकरी मात्र तीन वेगवेगळे भाग शोधत बसतो.

हा घोळ महागात पडू शकतो. या पंपाचा डिलिव्हरी वॉल्व्ह सुरुवातीला बंद असला की मोटरवर भार कमी येतो. पण पुढे तो उघडायचा राहिला, तर केसिंगमधले तेच पाणी घुसळून घुसळून तापते. चुकून सक्शनच्या बाजूचा वॉल्व्ह बंद केला, तर पंपाला पाणीच मिळत नाही आणि कोरडे फिरून मेकॅनिकल सील खराब होते.

शाळेत निबंध लिहिताना तोच शब्द पुन्हा वापरू नका, असे शिकवले जाते. पुस्तिका लिहिणारेही ती सवय सोबत घेऊन येतात आणि ‘वॉल्व्ह’ दोनदा आला की तिसऱ्यांदा ‘झडप’ लिहितात. इथे ती सवय मोडावी लागते. विमानांच्या देखभाल पुस्तिकांसाठी १९८६ साली सोप्या इंग्रजीची नियमावली निघाली. आज ती एएसडी-एसटीई १०० या नावाने चालते. तिचे मूळ सूत्र असे की, एका शब्दाला एकच अर्थ आणि एका अर्थाला एकच शब्द. कामाच्या सूचनेचे वाक्य वीस शब्दांपेक्षा लांब नको, असेही ती सांगते.

पंपाच्या पुस्तिकेत सुरुवात एका साध्या तक्त्याने होते. प्रत्येक भागासमोर वापरायचे नाव आणि त्याशेजारी बाद केलेली नावे. नाव निवडताना भाषाप्रेम थोडे बाजूला ठेवावे लागते, कारण वस्तूवर जे छापले आहे आणि दुकानदार सुटा भाग देताना जे म्हणतो, तेच नाव चालते. म्हणून ‘डिलिव्हरी वॉल्व्ह’ राहतो, ‘निर्गम झडप’ जाते.

मग क्रियापदे. ‘बंद ठेवा’, ‘उघडावी’, ‘तपासणे’ ही तीन रूपे एकाच पुस्तिकेत आली, की ‘उघडावी’ हा नुसता सल्ला आहे की आवश्यक पायरी, हे कळत नाही. पायरी असेल तिथे सगळीकडे ‘उघडा’, ‘भरा’, ‘दाबा’ असेच रूप ठेवायचे. ‘बंद करा’ हे तर पंपालाही लागते आणि वॉल्व्हलाही. त्याची वाटणी केलेली बरी. पंप ‘थांबवा’, वॉल्व्ह ‘बंद करा’. ‘तपासा’ हा शब्द सर्वांत आळशी, कारण काय पाहायचे ते तो सांगतच नाही. त्याऐवजी लिहावे, ‘डिलिव्हरी वॉल्व्ह पूर्ण उघडलेला आहे का, ते पाहा.’

शीर्षकांची परीक्षा सोपी आहे: फक्त अनुक्रमणिका वाचायची. ‘पंप बसवणे’, ‘पंप कसा सुरू करावा?’, ‘देखभाल’ अशी रांग दिसली, की कामाच्या प्रकरणांना एकच साचा द्यायचा: ‘पंप बसवणे’, ‘पंप सुरू करणे’, ‘पंपाची देखभाल करणे’. तांत्रिक माहितीच्या पानांना मात्र ‘सुट्या भागांची यादी’ असे नामच शोभते.

खरी गंमत दुरुस्ती करताना होते. संगणकाला ‘कळ’ काढून सगळीकडे ‘बटण’ घालायला सांगितले, तर ‘पंपाभोवती मोकळी जागा ठेवा’ याचे ‘मोबटणी जागा’ होते आणि ‘कंपनीला कळवा’चे ‘बटणवा’. लिंगही बिघडते. झडप स्त्रीलिंगी, वॉल्व्ह पुल्लिंगी. त्यामुळे ‘झडप उघडी ठेवा’ बदलून ‘वॉल्व्ह उघडी ठेवा’ असे विचित्र वाक्य उरते. शिवाय ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी टाइप होते. दोन्ही दिसतात सारखी, पण एका तऱ्हेने शोधले तर दुसरी सापडेलच असे नाही. म्हणून प्रत्येक बदल माणसाने वाक्य वाचूनच मान्य करायचा, आणि वाक्यांइतक्याच काळजीने आकृत्यांवरची नावेही तपासायची. हमखास विसरतात ती तीच.

या सगळ्यातून चुकीची सूचना मात्र बरोबर होत नाही. पंपात आधी पाणी भरायची पायरीच गाळलेली असेल, तर शब्द कितीही एकसारखे असोत, पंप पाणी उचलणार नाही. तेव्हा छापायला देण्यापूर्वी पुस्तिका असा पंप कधीच न चालवलेल्या एखाद्याच्या हाती द्यावी, त्याला विहिरीवर न्यावे आणि तो कुठे अडतो ते न बोलता टिपून घ्यावे.