अनेक कर्जे असतील तर आधी कोणते फेडावे?

घरात एकाच वेळी तीन-चार कर्जांचे हप्ते चालू असणे आता नवीन राहिलेले नाही. बँकेचे वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी, आणि पतसंस्थेचे छोटे कर्ज. ठरलेले सगळे हप्ते भरून महिन्याला थोडे पैसे जादा उरत असतील, तर ते कोणत्या कर्जात घालावेत, हा या लेखाचा विषय आहे. घरकर्ज आम्ही यातून बाजूला ठेवले आहे. त्याचा व्याजदर सहसा सर्वांत कमी असतो, त्यामुळे त्याची पाळी शेवटी येते.

दोन पद्धती

पहिल्या पद्धतीला इंग्रजीत अॅव्हलांश म्हणतात. ज्या कर्जाचा व्याजदर सर्वांत जास्त, त्यात सगळी जादा रक्कम घालायची. ते संपले की त्याच्या खालच्या दराचे कर्ज घ्यायचे. दुसरीला स्नोबॉल म्हणतात. तिच्यात व्याजदर बघायचा नाही, ज्या कर्जाची बाकी सर्वांत कमी ते आधी संपवायचे. दोन्हींत एक नियम समान आहे. बाकीच्या कर्जांचा ठरलेला हप्ता चुकवायचा नाही, आणि एक कर्ज संपले की त्याचा मोकळा झालेला हप्ता घरखर्चात न जाता पुढच्या कर्जात जायला हवा.

आधी खरा व्याजदर काढा

क्रम लावण्यापूर्वी प्रत्येक कर्जाच्या चार गोष्टी कागदावर लिहा: आजची बाकी, व्याजदर, सक्तीचा हप्ता आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार. यात सर्वांत जास्त फसवणारा आकडा व्याजदराचा असतो. दुचाकी किंवा घरगुती वस्तूंच्या कर्जावर बरेचदा ‘फ्लॅट’ दर सांगितला जातो. समजा १ लाख रुपये २ वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले. व्याज सरळ २४,००० धरले जाते आणि हप्ता ५,१६७ रुपयांचा बसतो. पण मुद्दल दरमहा कमी होत असते आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर लागते. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे हे ‘१२ टक्क्यांचे’ कर्ज बँकेच्या १५ टक्क्यांच्या कर्जापेक्षा महाग आहे. कार्डाचे उलट असते. तिथे दर महिन्याचा सांगतात. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि त्या व्याजावर जीएसटी वेगळा.

एक हिशेब

समजा एका कुटुंबाची तीन कर्जे अशी आहेत:

- क्रेडिट कार्ड: बाकी ८०,०००, दर वर्षाला ४२ टक्के, किमान भरणा ४,०००
- वैयक्तिक कर्ज: बाकी १,२०,०००, दर १५ टक्के, हप्ता ६,०००
- पतसंस्थेचे कर्ज: बाकी ३०,०००, दर १२ टक्के, हप्ता २,०००

एकूण बाकी २ लाख ३० हजार आणि सक्तीचे हप्ते १२,०००. कुटुंब महिन्याला २०,००० बाजूला काढू शकते, म्हणजे जादा रक्कम ८,०००. कार्डाचा किमान भरणा खरे तर बाकीनुसार कमी होत जातो, पण सोयीसाठी आम्ही तो कायम धरला आहे. जीएसटी हिशेबात घेतलेला नाही, आणि कार्डावर नवी खरेदी होत नाही असे मानले आहे.

अॅव्हलांशने कार्डात दरमहा १२,००० जातात. कार्ड आठव्या महिन्यात संपते. मग सगळा जोर वैयक्तिक कर्जावर येतो, आणि तेराव्या महिन्यात ते व पतसंस्थेचे कर्ज दोन्ही एकदमच मिटतात. एकूण व्याज सुमारे २८,४०० रुपये.

स्नोबॉलने पतसंस्थेच्या कर्जात दरमहा १०,००० जातात. तिसऱ्या महिन्याअखेर तिथे जेमतेम ६०० रुपये उरतात आणि चौथ्या महिन्यात खाते बंद होते. कार्ड दहाव्या महिन्यात संपते. वैयक्तिक कर्जाचे शेवटचे २,९०० रुपये चौदाव्या महिन्यात जातात. एकूण व्याज सुमारे ३२,९००.

फरक साधारण साडेचार हजारांचा. पहिले खाते आठव्याऐवजी चौथ्या महिन्यात बंद होण्याची ही किंमत आहे. ती थोडी की फार, हे प्रत्येक घराने ठरवायचे. मात्र ठरवण्याआधी आकडा समोर हवा. सगळ्या कर्जांचे दर एकमेकांच्या जवळ असतील, समजा १२, १४ आणि १५ टक्के, तर ही किंमत फारच कमी होते आणि कोणताही क्रम चालतो. एखादे कर्ज ४२ टक्क्यांचे असेल तर क्रमाला महत्त्व येते.

प्रत्येक पद्धत माणसाकडून काय मागते

अॅव्हलांश धीर मागते. वरच्या हिशेबात सात महिने घरातून दरमहा २०,००० जातात आणि तरीही तिन्ही खाती चालू असतात. तिन्ही तारखांना हप्ते कापले जातात, तिन्ही संदेश फोनवर येतात. कमी होत असलेली गोष्ट म्हणजे व्याज, आणि न भरावे लागलेले व्याज डोळ्यांना दिसत नाही. ज्या घरात कोणीतरी दर महिन्याला वहीत बाकी लिहून ठेवते, तिथे ही पद्धत टिकते. त्या घराला ८०,००० चे ७०,८०० आणि मग ६१,३०० झालेले दिसते. कागदावरची ही उतरण हेच त्यांचे समाधान असते.

स्नोबॉल चौथ्या महिन्यातच एक खाते बंद करून देते. अमेरिकेत डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी कर्ज-तडजोड करणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची जास्त खाती बंद झाली होती, ते सगळे कर्ज संपवण्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक होती, मग बंद झालेल्या खात्यांची रक्कम लहान असली तरी. याच ओढीची दुसरी बाजू त्याआधीच्या वर्षी, २०११ मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवली होती. मोठ्या कर्जाचा दर जास्त असतानाही लोक लहान कर्ज आधी मिटवतात आणि जास्त व्याज भरतात. म्हणजे खाते बंद होण्याचा आनंद बळ देतो आणि पैसेही घेतो.

स्नोबॉल आणखी एक सवय मागते, आणि आमच्या मते ती धीरापेक्षा अवघड आहे. चौथ्या महिन्यात पतसंस्थेचा २,००० चा हप्ता थांबतो. त्याच दिवशी तो कार्डाकडे वळवला नाही, तर दोन महिन्यांत तो किराणा, पेट्रोल आणि नव्या मोबाइलच्या हप्त्यात मुरून जातो. म्हणून हप्ता संपताच तेवढ्याच रकमेची स्थायी सूचना बँकेत पुढच्या कर्जासाठी लावून टाकावी. पैसा हाताशी आल्यावर विचार करू म्हटले तर तो उरत नाही.

मध्येच सोडले तर

समजा पाच महिन्यांनी घरात लग्न निघाले किंवा नुसता कंटाळा आला, आणि जादा रक्कम भरणे पूर्ण थांबले. त्यानंतर फक्त सक्तीचे हप्ते चालू राहिले. अॅव्हलांश अशी अर्धवट सोडली तर एकूण व्याज सुमारे ३८,००० होते. ही रक्कम शेवटपर्यंत नेलेल्या स्नोबॉलपेक्षा ५,००० ने जास्त आहे. कागदावर स्वस्त असलेली पद्धत टिकली नाही तर ती स्वस्त राहत नाही, हे यातून दिसते.

पण पुढचा आकडाही बघावा. स्नोबॉल त्याच पाचव्या महिन्यात सोडली, तर व्याज ५३,००० च्या घरात जाते. कारण तोपर्यंत कार्डावर अजून जवळपास ५४,००० बाकी असतात, आणि किमान भरण्यातला मोठा भाग व्याजातच जातो. म्हणून स्नोबॉल निवडायची ती शेवटपर्यंत नेण्याचे बळ त्यातून मिळणार असेल तरच.

आमची शिफारस अशी. कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी, आणि ती मिटेपर्यंत कार्ड कपाटात. बाकी पूर्ण न भरल्यास नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. त्याआधी एखादे लहान कर्ज मिटवायचे असेल, तर ते बोनससारख्या एकरकमी पैशांत किंवा दोन-तीन महिन्यांत मिटणारे असावे.

जे व्याजदरात दिसत नाही

पतसंस्थेच्या कर्जाला बहुधा जामीनदार असतात, आणि ते आपलेच मेहुणे, शेजारी किंवा कचेरीतले सहकारी असतात. हप्ता थकला तर नोटीस त्यांनाही जाते. नातेवाइकांकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांवर व्याज शून्य असते, म्हणून अॅव्हलांशच्या यादीत ते सर्वांत खाली जातात. पण काकांच्या घरी मुलीचे लग्न ठरले असेल तर ती यादी बाजूला ठेवावी लागते. सोनेतारण कर्जात मुदत टळली तर दागिन्यांचा लिलाव होऊ शकतो. अशा कर्जाला दर कमी असला तरी वरची जागा देणे योग्य आहे, फक्त त्यासाठी किती व्याज जास्त जाईल ते आधी काढावे.

वैयक्तिक कर्ज सहसा स्थिर दराचे असते. त्यात मधूनच जादा रक्कम भरता येते का, आणि त्यावर किती आकार लागतो, हे करारपत्रात वाचून घ्यावे. काही ठिकाणी सुरुवातीचे काही हप्ते होईपर्यंत जादा भरणा घेतच नाहीत. तसे असेल तर ती रक्कम वेगळ्या खात्यात साठवून मुदत उलटताच भरावी. बदलत्या दराच्या, व्यवसायासाठी नसलेल्या वैयक्तिक मुदत कर्जांवर बँकांना असा आकार घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

कोणतेही कर्ज संपले की ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घ्या, खात्यातून हप्ता कापण्याची सूचना रद्द करा, आणि काही आठवड्यांनी सिबिल अहवालात ते खाते बंद दिसते का ते तपासा. बंद न झालेले खाते पुढच्या कर्जाच्या वेळी आडवे येते.