एका पानाचा सारांश आणि त्यावरचे पत्र

ठाण्याहून कल्याणकडे जाताना गाडीच्या खिडकीतून ज्या चार-चार मजली जुन्या इमारती दिसतात, त्यांपैकी कितीतरी इमारतींचे वय आता तीस वर्षांच्या पुढे गेलेले आहे. अशा इमारतीची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे महापालिकांच्या कायद्याने बंधनकारक आहे. लोक या तपासणीस ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतात. २०१५ च्या पावसाळ्यात ठाकुर्लीस व ठाण्याच्या नौपाड्यात थोड्या दिवसांच्या अंतराने जुन्या इमारती कोसळून माणसे दगावली, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. आज मात्र इमारतींविषयी न बोलता, अशा तपासणीचा लांबलचक अहवाल वरिष्ठांकडे पाठविताना जो एका पानाचा सारांश व जे पत्र जोडावे लागते, त्याविषयी बोलावयाचे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी डोंबिवलीतील एका शिक्षणसंस्थेत कारकून आहे. संस्थेच्या एका शाळागृहाचा चौऱ्याऐंशी पानांचा तपासणी अहवाल आला. त्याचा सारांश करून इमारत-विभागाच्या पर्यवेक्षकांकडे पाठविण्याचे काम त्याच्यावर आले. मसुदा घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, भाषा तेवढी पाहून द्या.’’ भाषेत फारसे वावगे नव्हते. दोष निराळाच होता.

मसुद्यातील पहिले वाक्य असे होते : ‘इमारत सी-२ वर्गात मोडत असून दुरुस्तीयोग्य आहे.’ मी त्याला अहवालाचे एकाहत्तरावे पान उघडावयास सांगितले. तेथे ‘सी-२ए’ असे छापले होते. आता हा शेवटचा ‘ए’ म्हणजे काय, ते सांगतो. आपल्याकडील महापालिका जुन्या इमारतींचे चार वर्ग करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून मगच दुरुस्त करावयाची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येणारी. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सी-२ए आणि सी-२बी या दोहोंतही दुरुस्ती आहेच; भेद एवढाच की दुरुस्तीच्या काळात आत मुले बसतील की नाहीत. मुलाने लेखणीच्या एका फटकाऱ्याने जे अक्षर गाळले, त्यात पर्यवेक्षकांनी करावयाचा सगळा निर्णय सामावलेला होता.

दुसरे वाक्य होते : ‘ध्वनिलहरींच्या चाचणीत काँक्रीटची सरासरी गुणवत्ता चांगली आढळली.’ या चाचणीत खांबाच्या एका बाजूने मनुष्याच्या कानास न ऐकू येणारी ध्वनिलहर सोडतात आणि ती दुसऱ्या बाजूस किती वेळात पोहोचते, ते मोजतात. काँक्रीट घट्ट असेल तर लहर वेगाने जाते. आत पोकळी वा भेगा असतील तर तिला वळसा पडतो व वेग घटतो. अहवालात १९९२ च्या भारतीय मानकातील प्रतवारी घेतली होती. तीप्रमाणे सेकंदास ३.५ ते ४.५ किलोमीटर वेग चांगला आणि ३ हून कमी वेग संशयास्पद. एकंदर चाळीस ठिकाणी मोजणी झाली होती व सरासरी ३.६ निघाली होती. तेव्हा मुलाचे वाक्य हिशेबाने खरेच होते.

परंतु आम्ही दोघांनी तक्ता ओळीओळीने वाचला. चौतीस ठिकाणी वेग ३.८ च्या आसपास होता आणि उरलेल्या सहा ठिकाणी तो केवळ २.५ होता. ती सहाही ठिकाणे तळमजल्यावरील स्वच्छतागृहाला लागून असलेल्या दोनच खांबांवर होती. ओल्या काँक्रीटमधून ही लहर एरवी अधिक वेगाने जाते. म्हणजे ओल असलेल्या जागी वेग कमी आला, तर आतील स्थिती आकड्यावरून वाटते त्याहूनही वाईट असण्याचा संभव असतो. तथापि या चाचणीवरून खांबाची ताकद थेट कळत नाही. यास्तव अभियंत्याने त्याच खांबांतून काँक्रीटचे नमुने काढून तपासण्याची शिफारस त्रेसष्टाव्या पानावर केली होती. इमारत सरासरीवर उभी राहत नाही. ती एकेका खांबावर उभी असते. परीक्षेत सहा मुले नापास झाली असता वर्गाची सरासरी सांगून चालत नाही, हे मी चाळीस वर्षे शिकवीत आलो, तेच येथेही लागू होते.

मी विचारले, ‘‘हे तू का लिहिले नाहीस?’’ तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘शाळा रिकामी करा, असे मी कोण सांगणार, गुरुजी? साहेबांना आवडणार नाही.’’ त्याची खरी अडचण ही होती. मी त्यास म्हटले, ‘‘तू सांगत नाहीस, अहवाल सांगतो. सारांशात अहवालाचेच म्हणणे येऊ दे आणि प्रत्येक वाक्यापुढे पानाचा आकडा घाल. तुझे स्वतःचे जे काय असेल, ते पत्रात येऊ दे. तेथे सही तुझी असते.’’ सारांश आणि पत्र यांतील भेद एवढाच आहे. सारांश हा अहवालाचा आवाज, पत्र हा लिहिणाराचा. दोन्ही एकमेकांत मिसळले की मत कोणते आणि मोजमाप कोणते, हे वाचणारास उमगत नाही.

नंतर आम्ही पत्र लिहिले, ते असे :

‘माननीय पर्यवेक्षक साहेब यांसी, सविनय सादर. शाळागृहाच्या संरचनात्मक तपासणीचा ८४ पानी अहवाल व त्याचा एका पानाचा सारांश सोबत जोडला आहे. अभियंत्यांनी इमारत सी-२ए वर्गात, म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याच्या वर्गात घातली आहे (पान ७१). याचे मुख्य कारण तळमजल्यावरील दोन खांब होत (पान ६१). वर्ग दुसरीकडे हलविण्याविषयी पावसाळ्यापूर्वी आपला आदेश व्हावा, ही विनंती. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज पान ७८ वर आहे. तो मी पडताळलेला नाही. सारांशात काही राहिले असल्यास दोष माझा समजावा व मूळ अहवाल प्रमाण मानावा.’

या पत्रात स्तुती नाही, ‘आपणांस विदित आहेच’ नाही, की अहवाल किती परिश्रमाने तयार झाला याचे वर्णन नाही. काय पाठविले, त्यातील सर्वांत गंभीर गोष्ट कोणती, काय निर्णय हवा व केव्हापर्यंत, आणि लिहिणाराने काय तपासलेले नाही, एवढेच आहे. हे शेवटचे कलम पुष्कळ लोक भीतीने गाळतात. पण ते असल्यानेच बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

सारांश नीट झाला की नाही, हे पाहण्याची एक साधी रीत त्या दिवशी मी मुलास दाखविली. अहवाल मुळीच न वाचलेल्या मनुष्यास सारांश द्यावा आणि विचारावे, ‘‘उद्या तू काय करशील?’’ आमच्या घरी हे काम माझ्या पत्नीने केले. पहिला मसुदा वाचून ती म्हणाली, ‘‘रंग लावून घेईन.’’ दुसरा वाचून म्हणाली, ‘‘आधी पोरांना बाहेर काढीन.’’

पत्र गेले. पर्यवेक्षकांनी ते उभ्याउभ्याच वाचले, असे मुलाने मला सांगितले. चौऱ्याऐंशी पाने त्यांनी चाळली नाहीत. त्यांनी अहवालाचे एकसष्टावे पान तेवढे उघडले आणि ते दोन खांब दाखविण्यास त्याला बरोबर घेऊन खाली उतरले.