पीएमईजीपी अनुदान : पात्रता आणि कागदपत्रे

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) नव्या उद्योगालाच अनुदान मिळते. चालू धंदा किंवा आधी सरकारी अनुदान घेतलेला घटक बाद ठरतो. अर्जदार 18 वर्षांवरील असावा. उत्पन्नाची अट नाही, पण एका कुटुंबातून एकच अर्ज चालतो. 2022 पासून प्रकल्पखर्चाची मर्यादा उत्पादनासाठी 50 लाख, सेवाउद्योगासाठी 20 लाख रुपये आहे. उत्पादनाचा प्रकल्प 10 लाखांवर आणि सेवेचा 5 लाखांवर गेला की आठवी उत्तीर्ण असावे लागते. जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरत नाहीत.

उदाहरणार्थ, खेड्यातील महिलेने 10 लाखांचा मसाला कांडप उद्योग उभारला, तर स्वतःचे 50 हजार आणि बँकेचे कर्ज साडेनऊ लाख. अनुदान 35 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. ही रक्कम हाती पडत नाही. तीन वर्षे बँकेत मुदत ठेवीत राहते, मग पडताळणीनंतर कर्जात वळती होते. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. शहरात अनुदानाचा दर तिच्यासाठी 25 टक्के.

अर्जासोबत आधार, पॅन, छायाचित्र, प्रकल्प अहवाल आणि लागू असल्यास जातीचा व शिक्षणाचा दाखला लागतो. ग्रामीण दर हवा असल्यास ग्रामीण क्षेत्राचा दाखला विसरू नये. यंत्रांची दरपत्रके अहवालातील आकड्यांशी जुळवून पाहावीत आणि सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे ना, हे अर्ज भरण्याआधीच तपासावे.