बेरजेत लपलेला नापास विषय

वर्गात वापरावयाचे एखादे शैक्षणिक अॅप निवडण्याची वेळ आली की शाळेतील एका शिक्षकाकडे अहवाल मागितला जातो. अध्यापनमूल्य, सर्वांना वापरता येण्याची सोय, खर्च आणि मुलांच्या माहितीची गुप्तता हे चार निकष बहुधा ठरलेले असतात. शिक्षक प्रत्येकाला गुण देतो, बेरीज करतो आणि जास्त बेरजेच्या अॅपची शिफारस करतो. समजा, अध्यापनाला 40 पैकी 34, सोयीला 20 पैकी 15, खर्चाला 20 पैकी 19 आणि गुप्ततेला 20 पैकी 2 गुण मिळाले. बेरीज 70 होते आणि अॅप पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते. परंतु गुप्ततेच्या विषयात ते सपशेल नापास आहे, ही गोष्ट त्या सत्तराच्या आकड्यात कोठेच दिसत नाही. परीक्षेत प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. अॅपला मात्र ही अट कोणी घालत नाही.

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या नावात ज्या वस्तीचे नाव आहे, त्या निजामपुऱ्यातील एखाद्या उर्दू माध्यमाच्या शाळेचे उदाहरण घेऊ. सहावीच्या वर्गात 48 मुले आहेत आणि केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे अॅप वापरावे काय, असा प्रश्न आहे, असे समजू. 2017 साली सुरू झालेल्या या अॅपमधील पाठ पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोडने उघडतात आणि त्यासाठी काहीही शुल्क पडत नाही. अहवाल लिहिणाऱ्याने प्रथम दोन निकष उंबरठ्याप्रमाणे वापरले पाहिजेत. उंबरठा ओलांडला तरच पुढचा विचार करावयाचा.

पहिला उंबरठा सोयीचा. ‘उर्दू उपलब्ध’ एवढ्या नोंदीवर येथे समाधान मानता येत नाही. सहावीच्या गणिताचे दहा घटक घेऊन प्रत्येकाचा कोड शिक्षकाने स्वतः उघडून पाहावा. पाठ उर्दूत आहे की केवळ शीर्षक उर्दूत आहे, नस्तालिक अक्षरे लहान पडद्यावर वाचता येतात काय, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत आकडे व चिन्हे उलटसुलट होतात काय, हे नोंदवावे. दृष्टी अधू असलेल्या मुलासाठी फोनमधील वाचून दाखवण्याची सोय सुरू करून प्रश्न ऐकू येतो काय तेही पाहावे. घराचा विचार याच निकषात येतो. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि घरात एकच फोन असेल तर तो बापाबरोबर कारखान्यात जातो. म्हणून ‘किती घरांत फोन आहे’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत फोन मुलाच्या हाती असतो काय’ असे विचारले तर उत्तर वेगळे येते आणि तेच खरे असते.

दुसरा उंबरठा गुप्ततेचा. अॅप सरकारी आहे म्हणून माहिती सुरक्षित आहे, असे समजण्याचा मोह येथे होतो. जानेवारी 2023 मध्ये ‘वायर्ड’ या नियतकालिकाने दिलेल्या वृत्तानुसार ‘दीक्षा’ची माहिती साठवणारा एक सर्व्हर कुलूप न लावलेल्या कपाटासारखा उघडा राहिला होता. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, दूरध्वनी क्रमांक व ईमेल पत्ते त्यात होते. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांचे क्रमांक व पत्ते अंशतः झाकलेले असले तरी त्यांची पूर्ण नावे व शाळा उघड होत्या. याचा अर्थ अॅप त्याज्य आहे असा नव्हे. जी माहिती दिलीच नाही ती फुटूही शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

म्हणून अहवालात गोपनीयतेच्या धोरणातील आश्वासने उतरवून घेण्याऐवजी तीन गोष्टी तपासाव्यात. अॅप कोणकोणत्या परवानग्या मागते? स्थानाची व संपर्कयादीची परवानगी नाकारली तरी पाठ उघडतो काय? मुलाचे नाव न नोंदवता काम भागते काय? ‘दीक्षा’तील पाठ नावनोंदणी न करता पाहता येतात आणि फोनवर उतरवूनही घेता येतात. शिक्षकाने पाठ उतरवून घेऊन ते वर्गात दाखवले तर हा उंबरठा ओलांडता येतो. अर्थात याची किंमत आहे. नाव नाही म्हणजे मुलागणिक प्रगतीची नोंदही नाही, आणि ती शिक्षकाला वहीत ठेवावी लागेल. नोंदणी करावयाची झाल्यास 2023 च्या माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे आणि पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे, याची नोंद अहवालात असावी. संमतीपत्र उर्दूत असावे, हे ओघानेच आले.

दोन्ही उंबरठे ओलांडल्यावर अध्यापनाचा विचार करावा. अॅप चांगले आहे काय, यापेक्षा ते कशाच्या जागी येणार आहे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञाने गुजरातमधील ‘ज्ञानशाला’च्या वर्गांत संगणकाचा एक कार्यक्रम दोन प्रकारे तपासला होता. 2008 साली मांडलेला त्याचा निष्कर्ष असा की शाळेच्या वेळेत, शिकवण्याच्या जागी तो वापरला तेव्हा मुले एरवीपेक्षा कमी शिकली. शाळेनंतर, शिकवण्याला पूरक म्हणून वापरला तेव्हा ती अधिक शिकली, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा विशेष लाभ झाला. कार्यक्रम एकच होता, फळे मात्र विरुद्ध आली. शिक्षक चांगले शिकवत असेल तर त्याचा तास घेणारे साधन महाग पडते.

हे आपल्या शाळेत पाहण्याचा मार्ग कठीण नाही. अपूर्णांकांवरील कागदी चाचणी सर्व 48 मुलांची घ्यावी. चिठ्ठ्या टाकून 24 मुलांना सहा आठवडे शाळेनंतर अॅपवर सराव द्यावा आणि उरलेल्या 24 मुलांना तेवढाच वेळ वहीत सराव द्यावा. त्यानंतर त्याच अवघडपणाची दुसरी चाचणी घ्यावी. अॅपने दाखवलेले गुण पुरावा म्हणून घेऊ नयेत, कारण अॅपच्या सवयीनेही ते वाढतात. तळाच्या सोळा मुलांचे निकाल वेगळे मांडावेत, कारण सरासरी वाढूनही ही मुले होती तेथेच राहू शकतात. 48 मुलांच्या प्रयोगातून लहान फरक सिद्ध होत नाही, हेही अहवालात स्पष्ट लिहावे.

खर्च शेवटी पाहावा, कारण ‘विनामूल्य’ हा शब्द आधी वाचला की बाकीचे निकष सैल होतात. दोन मुलांत एक याप्रमाणे 24 टॅब, प्रत्येकी 9,000 रुपये धरले तर 2,16,000 रुपये होतात. आयुष्य चार वर्षे मानल्यास वर्षाला 54,000. दुरुस्ती व इंटरनेटचे 18,000 मिळवले की 72,000. तीन वर्गांतील 144 मुलांनी ते वापरले तर दर मुलामागे वर्षाला 500 रुपये पडतात, आणि एकाच वर्गाने वापरले तर 1,500. याखेरीज 35 मिनिटांच्या तासिकेत टॅब वाटण्यात व सुरू करण्यात नऊ मिनिटे गेली तर तासिकेचा चौथा हिस्सा गेला. हा खर्च कोणत्याही पावतीवर येत नाही.

अशा अहवालाच्या शेवटी बेरीज असू नये. ‘नावनोंदणीविना, शाळेनंतर, अपूर्णांकांच्या सरावापुरते, एका सत्रासाठी’ अशी अटींसह शिफारस असावी आणि कोणती अट मोडली तर वापर थांबवावयाचा तेही लिहिलेले असावे. सत्तर गुणांवरून मुख्याध्यापकाला केवळ खरेदी करता येते. अटींवरून त्याला खरेदीनंतरही प्रश्न विचारता येतो.