तुमची माहिती चोरीला गेली असावी: एका दवाखान्याचे पत्र

तालुक्याच्या गावातला एक साधा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, रिसेप्शनवर एक मुलगी आणि तिच्यासमोर एक संगणक. सोमवारी सकाळी तो सुरू होतो, पण रुग्णांच्या नोंदींची एकही फाइल उघडत नाही. फाइलींच्या नावांपुढे कसलीशी विचित्र अक्षरे चिकटलेली असतात आणि पडद्यावर पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी असते. हा दवाखाना उदाहरणासाठी कल्पिलेला आहे, पण अशा घटना याच रीतीने घडतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेलाही याच प्रकारच्या हल्ल्यानंतर कित्येक दिवस कागदावर काम चालवावे लागले होते.

छोट्या दवाखान्यात पुढे काय होते? सॉफ्टवेअरवाला येतो, संगणक फॉरमॅट करतो, शनिवारी पेन ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप टाकतो आणि दुपारपर्यंत ओपीडी सुरू होते. सगळ्यांना वाटते, संकट टळले. खरे तर फाइली परत मिळाल्या, एवढेच झालेले असते. हल्ली असे हल्लेखोर फाइलींना कुलूप घालण्याआधी त्यांची प्रत स्वतःकडे उतरवून घेतात. फॉरमॅट केल्यामुळे ती उतरवली की नाही, हे कळण्याचा मार्ग मात्र बंद होतो. म्हणून अशा वेळी आधी इंटरनेटची वायर काढावी, संगणक जसाच्या तसा ठेवावा आणि काम दुसऱ्या यंत्रावर सुरू करावे.

जाणकार माणूस विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे Event Viewer मध्ये, 4625 आणि 4624 हे क्रमांक शोधतो. पहिला फसलेल्या लॉगिनचा, दुसरा यशस्वी झालेल्या लॉगिनचा. आपल्या दवाखान्यात शनिवार-रविवारच्या रात्री 4625 च्या हजारो ओळी दिसतात आणि त्यांच्यामागे पहाटेची एकच 4624 ची ओळ. कोणीतरी यंत्राकरवी पासवर्डमागून पासवर्ड लावत राहिले आणि एक लागला. दार उघडे होते, कारण सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्याला घरबसल्या काम करता यावे म्हणून रिमोट डेस्कटॉपची सोय कायम चालू ठेवलेली होती. कोणी आत आले आणि केव्हा आले, हे या नोंदींतून कळते. काय नेले, ते सहसा कळत नाही. छोट्या दवाखान्याच्या राउटरमध्ये बाहेर किती माहिती गेली याचा हिशोब नसतो आणि विंडोजची नोंदवहीही भरली की जुन्या ओळी पुसत जाते.

डॉक्टरांनी रुग्णांना पत्र लिहायचे ते या अर्धवट माहितीच्या आधारावर. सगळा तपास होईपर्यंत थांबले, तर पत्र कधीच जात नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीची चोरी झाल्यास प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब आणि सोप्या भाषेत कळवण्याचे बंधन त्यात आहे. काय घडले, त्याचा त्या व्यक्तीला काय त्रास होऊ शकतो, दवाखान्याने काय केले, तिने काय करावे आणि विचारायचे कोणाला, हे सांगावे लागते. हे बंधन मे २०२७ पासून लागू होणार आहे. माझ्या मते डॉक्टरांनी त्या तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण चोर ती पाहत नाही. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेला अशा घटनेची खबर सहा तासांत द्यावी, हा निर्देश तर एप्रिल २०२२ पासूनच आहे.

पत्राचा पहिला परिच्छेद असा असावा:

“स.न.वि.वि. शनिवारी रात्री ते रविवारी पहाटे या वेळेत आपल्या दवाखान्याच्या संगणकात बाहेरच्या व्यक्तीने शिरकाव केला. २०१९ पासून दवाखान्यात आलेल्या रुग्णांची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक, भेटीच्या तारखा, आजारांच्या नोंदी आणि औषधे त्या संगणकात होती. मेडिक्लेमसाठी आधार कार्डाची प्रत दिलेल्या रुग्णांची ती प्रतही होती. ही माहिती बाहेर नेली की नाही, हे आम्ही खात्रीने सांगू शकत नाही. नेली आहे, असे धरून काळजी घ्यावी. तुमचे बँक खाते, एटीएम कार्ड किंवा यूपीआयचा पिन यांची नोंद आमच्याकडे कधीच नव्हती. २०१९ पूर्वीचे कागदी केस पेपर सुरक्षित आहेत.”

यातले शेवटून दुसरे वाक्य पुष्कळ पत्रांत नसते आणि तेच सगळ्यांत आधी हवे असते. पत्र वाचून माणूस पहिल्यांदा बँकेकडे धावतो. दवाखान्यातल्या क्यूआर कोडवर पैसे भरताना पिन आपल्याच फोनमध्ये टाकला जातो, तो दवाखान्याच्या संगणकापर्यंत पोहोचत नाही. हे कळले की भीती आवरते आणि लक्ष खऱ्या धोक्याकडे जाते.

खरा धोका फोनवरून येतो. चोराजवळ आता तुमच्या डॉक्टरांचे नाव आहे, तुम्ही शेवटचे कधी गेला होता ती तारीख आहे, साखरेची कोणती गोळी चालू आहे हेही आहे. फोन येतो: “काका, दवाखान्यातून बोलतोय. बुधवारी आला होतात ना? तुमचा साखरेचा रिपोर्ट जरा वाढीव आलाय. व्हॉट्सॲपवर पाठवलाय, तो उघडून बघा.” अनोळखी माणसाला एरवी उभेही न करणारे काका इथे फसतात, कारण समोरच्याला जे माहीत आहे ते फक्त डॉक्टरांनाच माहीत असायला हवे. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलचे नाव Report.apk असते. रिपोर्ट पीडीएफ किंवा फोटो म्हणून येतो. शेवटी .apk असेल, तर ते फोनमध्ये बसवायचे ॲप असते आणि एकदा बसले की ते तुमचे एसएमएस, त्यातले ओटीपीसुद्धा, परस्पर वाचू शकते.

म्हणून पत्रात “सावध राहा” एवढे लिहून भागत नाही. चोर काय बोलेल, हेच लिहावे: “तुमची औषधे आणि तारखा अचूक सांगणारा माणूस दवाखान्याचाच असेल असे समजू नका. आम्ही यापुढे फोनवर पैसे मागणार नाही, व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवणार नाही आणि कोणतीही लिंक देणार नाही. शंका आली तर फोन ठेवा आणि तुमच्या जुन्या केस पेपरवर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा.” पत्रात लिंक नसावीच. दवाखान्यातून माहिती गेल्याची बातमी पसरली की त्याच नावाने खोटी पत्रेही फिरू लागतात. “तुमची माहिती सुरक्षित करायला इथे दाबा” असे सांगणारा निरोप चोराचाच, हे मग रुग्णाला सहज ओळखता येते.

ॲप बसवून झाले असेल, तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाकावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करावी. तीच तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. इथे खरी किंमत वेळेची आहे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असताना ती वाटेत गोठवता येते, एटीएममधून काढली गेल्यावर हाती काही लागत नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पण ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाच्याच माथी येते.

आधारची प्रत गेलेल्यांना वेगळा परिच्छेद हवा. निव्वळ आधार क्रमांकावरून खात्यातले पैसे निघत नाहीत, त्याला अंगठा लागतो. पण त्या प्रतीवर तुमच्या नावाचे सिम कार्ड किंवा कर्ज घेण्याचा प्रयत्न होऊ शकतो. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीवर पाहता येते आणि न घेतलेले कर्ज नावावर चढले आहे का, हे सिबिलच्या अहवालात दिसते. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. एमआधार ॲपमधून अंगठ्याच्या ठशांना कुलूपही लावता येते. मात्र रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेणाऱ्या आजींनी ते लावले, तर दुकानात त्यांचा अंगठा चालणार नाही. जाण्याआधी कुलूप तात्पुरते उघडावे लागते. हे न सांगता “बायोमेट्रिक लॉक करा” एवढेच लिहिले, तर महिन्याअखेरीस त्या रिकाम्या पिशवीने परततील.

पासवर्ड बदलता येतो, सिम बदलता येते. आजार बदलता येत नाही. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार केंद्राच्या हजारो रुग्णांना ऑक्टोबर २०२० मध्ये थेट ईमेल आले: दोनशे युरो भरा, नाहीतर तुम्ही समुपदेशकाला सांगितलेले सगळे जाहीर करू. चोराला एप्रिल २०२४ मध्ये सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये, फिनलंडच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने केंद्राला ६,०८,००० युरोंचा दंड केला होता. आरोपांमधला एक असा, की मार्च २०१९ मध्येच कळवायला हवे होते, ते कळवले नाही. त्या दीड वर्षात रुग्ण किमान सावध तरी झाले असते.

आपल्या गावातल्या डॉक्टरांच्या नोंदीतही असे रुग्ण असतात. एचआयव्हीची औषधे घेणारा, गर्भपात करून घेतलेली मुलगी, नैराश्याच्या गोळ्या घेणारा शिक्षक. यांना सरसकट पत्र घरी पाठवणे हीच दुसरी गळती ठरू शकते, कारण एकत्र कुटुंबात पाकीट कोण फोडेल याचा नेम नसतो. त्या घरात कोणाला ठाऊकही नसेल की ही व्यक्ती या दवाखान्यात जाते. एचआयव्हीबाबत गुप्तता राखण्याचे बंधन तर २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने घातलेले आहे. अशा रुग्णांना डॉक्टरांनी स्वतः फोन करावा, रिसेप्शनवरून नव्हे. आधी विचारावे, “आत्ता बोलायला मोकळे आहात का?” नसतील तर कारण न सांगता त्यांच्या सोयीची वेळ घ्यावी. मग त्यांच्या नोंदीत नेमके काय लिहिले होते ते वाचून दाखवावे आणि सांगावे, की कोणी धमकी दिली तर पैसे देऊ नका, निरोप पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि पोलिसांकडे जाताना मला सोबत बोलवा. पैसे दिल्याने प्रत परत येत नाही, उलट हा माणूस देतो एवढे चोराला कळते.

बाकी सगळ्यांना निरोप पोहोचवतानाही एक चूक हमखास होते. रिसेप्शनवरची मुलगी व्हॉट्सॲप ग्रुप काढते आणि शेकडो रुग्णांचे नंबर एकमेकांना दिसतात. त्यापेक्षा प्रत्येकाला वेगळा एसएमएस जावा, त्यात आजाराचा उल्लेख नसावा, “दवाखान्यात येऊन पत्र घेऊन जावे किंवा फोन करावा” एवढेच असावे. नंबर बदललेल्यांसाठी पत्राची प्रत दवाखान्याच्या दारावर आणि शेजारच्या मेडिकलमध्ये लावावी. कोणाला कोणत्या तारखेला कळवले, याची वही ठेवावी. पत्राखाली डॉक्टरांची सही, फोनवर स्वतः उत्तर देण्याची रोजची वेळ आणि पुढचे पत्र कधी येईल ती तारीख असावी. त्या तारखेला नवे काही हाती आले नसले, तरी तेवढे सांगणारे दुसरे पत्र जायला हवे.